दोष टोमॅटोचा की घड्याळाचा? छातीतील जळजळ आणि घरच्या घरी करावयाची पडताळणी

रात्री दहाच्या सुमारास गाडीवर उभे राहून पावभाजीची एक प्लेट संपवावी, वर आणखी दोन पाव घ्यावेत, अकराला घरी येऊन आडवे व्हावे आणि बारा वाजता छातीत आग पडून जाग यावी, हा अनुभव मुंबई-पुण्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली येथेही पावभाजी पोहोचली आहे आणि तिच्यामागोमाग हा अनुभवही. दुसऱ्या दिवशी घरात निवाडा होतो तो ठरलेलाच: टोमॅटो बंद, लिंबू बंद, तिखट बंद. पुढे काही महिने फिकी आमटी जेवूनही जळजळ येतच राहिली, की मग दही, वांगे, तूरडाळ अशी बंदीची यादी वाढत जाते.

या निवाड्यात एक मोठी उणीव आहे. त्या एका प्लेटमध्ये टोमॅटो, लिंबू आणि मिरची हे तिन्ही संशयित एकत्र होते हे खरे. परंतु त्यांच्या सोबतीला भरपूर लोणी होते, कच्चा कांदा होता, पोटाला तड लागेल इतके अन्न होते आणि जेवण व झोप यांत जेमतेम तासाभराचे अंतर होते. यांपैकी नेमके कोण दोषी, हे त्या एका रात्रीवरून सांगताच येत नाही. ते शोधता मात्र येते, आणि त्यासाठी वही, पेन आणि सुमारे सहा आठवड्यांचा संयम एवढेच साहित्य लागते.

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठीत ‘पित्त झाले’ या दोन शब्दांत अर्धशिशी, मळमळ, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि छातीतील जळजळ असे सारे काही सामावते. येथे विचार केवळ शेवटच्या तक्रारीचा आहे. जठरातील आम्ल उलट दिशेने अन्ननलिकेत चढणे, त्यामुळे छातीच्या मधल्या हाडामागे जळजळणे आणि घशाशी आंबट पाणी येणे, एवढीच तिची व्याप्ती. बेंबीच्या वर पोटातच जळत असेल, तर तो बहुधा वेगळा विकार असतो आणि त्याची कारणेही वेगळी असू शकतात.

आम्ल वर येते कसे

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरताना ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते. परंतु गिळण्याची क्रिया चालू नसतानाही ती अधूनमधून काही सेकंदांसाठी सैल पडते. जठरात साठलेली हवा ढेकरेच्या रूपाने बाहेर पडावी यासाठीची ही शरीराची सोय आहे आणि ती प्रत्येकात असते. जठर जितके ताणलेले, तितक्या अधिक वेळा ही कडी सैल पडते. त्यात जेवणानंतर आणखी एक गोष्ट घडते. नव्याने स्रवलेले आम्ल सगळेच अन्नात मिसळत नाही. त्यातील काही भाग अन्नाच्या वर, नेमका त्या कडीच्या खाली, थर धरून साचतो. म्हणजे कडी सैल पडली की जे वर येते ते टोमॅटोचे सार नसते, आपलेच ताजे आम्ल असते.

या दोन्ही आम्लांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. आम्लता मोजण्याच्या ‘सामू’ या मापात आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र, आणि प्रत्येक एक अंकाचा फरक म्हणजे दहापट. टोमॅटोचा सामू साधारण साडेचारच्या आसपास असतो, तर जठररसाचा दीड ते दोन. म्हणजे जठररस टोमॅटोपेक्षा शेकडो पट तीव्र. संत्र्याचा रस साडेतीन ते चारच्या आसपास येतो. लिंबाचा निव्वळ रस मात्र जठररसाच्या बराच जवळ जातो. पण तो आपण चमचाभर घेतो, तोही अन्नात किंवा पेलाभर पाण्यात मिसळून. तेव्हा ‘टोमॅटोने पोटात आम्ल वाढते’ हे विधान त्या शब्दांत तरी टिकणारे नाही. ‘लिंबू पोटात गेल्यावर अल्कधर्मी होते, म्हणून रोज सकाळी प्यावे’ हा भ्रमणध्वनीवरून फिरणारा सल्लाही याच जातीचा, फक्त उलट दिशेचा.

मग टोमॅटोचे सार घशाखाली उतरताच काहींची छाती का जळते? याचे उत्तर जठरात नाही, वाटेत आहे. वारंवार आम्ल येऊन अन्ननलिकेचे अस्तर आधीच हुळहुळे झालेले असेल, तर त्यावरून जाणारा आंबट पदार्थ स्पर्शानेच झोंबतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, अशा रुग्णांच्या अन्ननलिकेत नळीवाटे संत्र्याचा रस आणि टोमॅटोचे मसालेदार पेय सोडून पाहण्यात आले. आम्लता निष्प्रभ करून दिलेल्या पेयांनीही काहींची छाती जळली. दोष आंबटपणाइतकाच हुळहुळ्या अस्तराचाही होता. व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अस्तर बरे झाल्यावर तोच टोमॅटो पुन्हा निमूटपणे खाली उतरू शकतो. त्यावर जन्मभराची बंदी घालण्याचे कारण उरत नाही.

मिरचीची कथा वेगळी आहे. तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य आम्ल नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक ग्राही प्रथिन असते. कॅप्सेसिन त्यालाच चेतवते, आणि तीव्र आम्लानेही तेच चेतते. या ग्राहीचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यामुळे तिखट जेवणानंतर तेवढेच आम्ल वर आले तरी ते लवकर आणि अधिक जाणवू शकते. दुसरीकडे, रोज तिखट खाणाऱ्यांच्या त्या तंतूंची संवेदना कालांतराने बोथट होते. कोल्हापुरी रस्सा रोज जेवणाऱ्याला काही होत नाही आणि फिक्या जेवणाची सवय असलेला पाहुणा रात्रभर तळमळतो, याचे निदान एक कारण हे असावे.

गंमत अशी, की पावभाजीवरील ज्या कच्च्या कांद्यावर कोणी संशय घेत नाही, त्याच्याविरुद्ध प्रत्यक्ष प्रयोगाचा पुरावा आहे. जळजळीचा त्रास असलेल्या व्यक्तींना एकदा साधे आणि एकदा कच्च्या कांद्यासह तेच जेवण दिले असता कांद्याच्या दिवशी आम्ल अधिक वेळा वर आल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. अभ्यास लहान होता. पण टोमॅटोविरुद्धच्या ऐकीव साक्षीपेक्षा तो बरा.

कोणत्या गोष्टींचे वजन अधिक

पथ्याच्या पारंपरिक सल्ल्यांमागील पुरावा किती भक्कम आहे, याचा आढावा अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये घेतला. वजन कमी करणे आणि झोपताना खाटेची डोक्याकडील बाजू उंच ठेवणे या दोन उपायांना त्यांना आधार सापडला. विशिष्ट पदार्थ वर्ज्य केल्याने फायदा होतो असे दाखवणारे पुरेसे प्रयोग मात्र आढळले नाहीत. पदार्थ निर्दोष आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांची नीट चौकशीच फारशी झालेली नाही, इतकाच तो आहे. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही याच वळणाच्या आहेत. ज्याला ज्या पदार्थाने त्रास होतो त्याने तो टाळावा, असे त्यांत म्हटले आहे. पण या सल्ल्यामागील पुरावा दुबळा असल्याची नोंदही त्यातच आहे.

वेळेच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत हा विकार असण्याची शक्यता चार तास थांबणाऱ्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी अधिक आढळली. कारण समजण्यास सोपे आहे. उभ्या माणसात वर आलेले आम्ल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते आणि लाळ उरलेसुरले धुऊन नेते. झोपेत माणूस आडवा असतो, लाळ जवळपास थांबते आणि गिळणेही क्वचित होते; तेच आम्ल मग अन्ननलिकेत कितीतरी वेळ रेंगाळते.

लोण्या-तुपाचा प्रश्न मधला आहे. स्निग्ध जेवण जठरात अधिक काळ राहते हे निश्चित; ते कडीही सैल करते का, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरीही रात्री उशिराच्या जेवणात स्निग्धता अधिक असेल, तर तीन तासांनंतरही पोट पुरते रिकामे झालेले नसते, हे लक्षात ठेवावे.

पडताळणी कशी करावी

काही व्यक्तींनी ही पडताळणी घरी करूच नये. घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, रक्ताक्षय, किंवा साठीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडे जावे. जिना चढताना वाढणारी, हातात किंवा जबड्यात पसरणारी, घाम फोडणारी छातीतील वेदना ‘गॅस’ समजून सोडा पिण्याची नसते. त्या वेळी थेट रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या यांनीही जळजळ होऊ शकते. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

आणखी एक फसगत ठाऊक असावी. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या दोन-तीन महिने घेऊन एकाएकी थांबवल्या, तर दबलेले आम्ल काही दिवस उसळी घेते. ज्यांना कधीच जळजळ नव्हती अशा निरोगी स्वयंसेवकांनाही आठ आठवडे ही गोळी देऊन थांबवल्यावर जळजळ झाल्याचे डेन्मार्कमधील प्रयोगात दिसले आहे. त्या दिवसांत खाल्लेला कोणताही पदार्थ हकनाक बदनाम होतो. म्हणून गोळी चालू असेल तर ती कशी आणि केव्हा कमी करायची हे डॉक्टरांना विचारावे, आणि ती सुटून महिना उलटल्यावरच पडताळणीला बसावे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. काम बैठे, पोट थोडे सुटलेले, रात्रीचे जेवण दहाला, झोप अकराला. पहिल्या आठवड्यात त्यांनी काहीही बदलायचे नाही, केवळ लिहायचे: काय खाल्ले, किती, किती वाजता, जळजळ जेवणानंतर किती मिनिटांनी सुरू झाली, आणि शून्य ते दहा या मापात ती किती होती. वेळेची नोंद अत्यंत महत्त्वाची, कारण गिळतानाच झोंबले तर ती अस्तराची तक्रार आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर जळले तर ते वर आलेले आम्ल, हा भेद तिच्यावरूनच होतो.

आठवड्याअखेर वहीत दिसते ते असे: सातपैकी पाच रात्री जळजळ, सरासरी सहा. यांपैकी एका रात्री पावभाजी होती. परंतु दुसऱ्या एका रात्री केवळ तूप घातलेली खिचडी होती. ती त्यांनी साडेदहाला पोटभर जेवली आणि आकडा सातवर गेला. उलट रविवारी दुपारी लिंबू पिळून मिसळ खाल्ली, पण त्यानंतर काहीच झाले नाही. टोमॅटोवरील आरोप येथेच डळमळू लागतो.

पुढील दोन आठवडे एकही पदार्थ सोडायचा नाही, फक्त वेळ आणि मात्रा बदलायची. रात्रीचे जेवण साडेसात-आठला, नेहमीच्या दोन तृतीयांश. त्यानंतर तीन तास आडवे व्हायचे नाही. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे ठोकळे, आणि शक्यतो डाव्या कुशीवर झोप, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेपेक्षा खाली राहते. दोन-तीन उशा रचण्याने हे साधत नाही. त्यामुळे शरीर कमरेतून वाकते आणि पोटावरील दाब उलट वाढतो. आपल्या गृहस्थांचा त्रास या पंधरवड्यात आठवड्यातून एका रात्रीवर आला, तोही दोन-तीन अंकांचा. अनेकांची चौकशी येथेच संपू शकते.

ज्यांना तरीही नेमका संशयित ओळखायचा आहे, त्यांनी दुपारच्या जेवणात परीक्षा घ्यावी. रात्री घेतल्यास वेळेचा दोष पुन्हा मिसळतो. आधार म्हणून रोज एकच साधे जेवण ठेवावे, उदाहरणार्थ वाटीभर फिके वरण, तेवढाच भात आणि चमचाभर तूप. टोमॅटोच्या दिवशी त्याबरोबर दोन मध्यम टोमॅटोंचे बिनतिखट सार. लिंबाच्या दिवशी एका लिंबाचा रस पेलाभर पाण्यात. मिरचीच्या दिवशी वरणात एक सपाट चमचा लाल तिखट. प्रत्येकाची परीक्षा तीन वेळा, आणि दोन परीक्षांमध्ये एक कोरा दिवस, ज्या दिवशी केवळ आधाराचे जेवण. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. कोऱ्या दिवशीही आकडा लिहायचाच, कारण तुलना त्याच्याशी आहे.

तीन वेळांचा हट्ट अशासाठी, की भीतीनेही छाती जळते. ‘आज टोमॅटो आहे’ हे ठाऊक असलेला माणूस त्या दिवशी छातीकडे अधिक लक्ष देतो. घरच्या परीक्षेत हे पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु तीनपैकी निदान दोन वेळा कोऱ्या दिवसापेक्षा तीन किंवा अधिक अंकांची वाढ दिसल्याशिवाय कोणालाही दोषी ठरवायचे नाही, हा नियम पाळल्यास चूक बरीच कमी होते.

गृहस्थांच्या कोऱ्या दिवसांचे आकडे शून्य आणि एक यांच्यातच फिरले. लिंबाला शून्य, एक, शून्य. टोमॅटोला एक, शून्य, दोन. मिरचीला चार, एक, पाच, आणि जळजळ दोन्ही वेळा सुमारे चाळीस मिनिटांनी. म्हणजे दोष मिरचीचा. पण म्हणून तिच्यावर सरसकट बंदी घालण्याआधी अर्ध्या चमच्यावर पुन्हा दोन दिवस पाहिले, तर आकडे शून्य आणि एक. त्यांच्यासाठी मिरची वर्ज्य नाही. तिला एक मर्यादा आहे आणि ती आता त्यांना ठाऊक झाली आहे.

शेवटची परीक्षा पावभाजीची. एक प्लेट, लोणी चमचाभर, तिखट बेताचे, कांदा नाही, वेळ सायंकाळी साडेसात: आकडा एक. आठवड्यानंतर तीच प्लेट तशीच, पण रात्री दहाला, आणि अकराला झोप: आकडा सहा.

सगळ्यांचे निकाल असे सरळ लागणार नाहीत. वेळ आणि मात्रा सुधारूनही फरक पडला नाही, तर तिन्ही संशयित दोन आठवडे एकदम बंद ठेवून पाहावेत. तरीही आकडे तेच राहिले, तर ते निर्दोष आहेत असे मानून सर्व पदार्थ परत ताटात आणावेत. जीवनसत्त्व ‘क’चे आणि डाळी-पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास मदत करणारे लिंबू विनाकारण सोडण्यात तोटाच आहे. गिळतानाच झोंबत असेल, तर पदार्थ बदलत बसण्यापेक्षा अस्तराचे उपचार आधी व्हावेत. त्यासाठीची गोळी साधारणपणे जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, आठ आठवड्यांपर्यंत दिली जाते. जेवणानंतर घेतल्यास तिचा बराचसा परिणाम वाया जातो. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा जळजळ होतच राहिली, तर ही वही घेऊन पचनविकारतज्ज्ञांकडे जावे. दुर्बिणीतून तपासणी करायची, की अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून चोवीस तास आम्लता मोजायची, हे ठरवताना जेवणाच्या आणि जळजळीच्या वेळा त्यांना हव्याच असतात.